थकलेल्या हप्त्यांबाबत खुलासा

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक, धरमपेठ, नागपूर

महोदय,
माझ्या सिबिल अहवालात ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ चे तीन हप्ते थकलेले दिसतील. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउटमधील माझ्या शिवणकामाच्या दुकानात पाणी शिरले. चारही मशीन आणि गिऱ्हाइकांचे दिवाळीचे कापड गेले. कापडाची भरपाई आधी केली. गिऱ्हाईक तुटले असते, तर हप्ता कधीच भरता आला नसता.

जानेवारीपासून हप्ते नियमित झाले. थकबाकी दंडव्याजासह जून २०२४ मध्ये फेडली. नाहरकत प्रमाणपत्र व खातेउतारा जोडला आहे.

आता ओव्हरलॉक मशीनसाठी दीड लाख हवेत. दुकानाचा विमा काढला असून मशीन उंच ओट्यावर बसवल्या आहेत. प्रत्यक्ष पाहणीस यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
अर्जदार