केरळ प्लॅन बघितला, तन्मय, हे शांतपणे वाच

तन्मय, तुझी शीट काल रात्री उघडली आणि आज पहाटे परत एकदा पूर्ण वाचली. मेहनत खूप घेतली आहेस, हॉटेलं चांगली आहेत, आईबाबांना खालच्या मजल्याची खोली मिळेल हे सुद्धा तू बघितलंस. पण असाच गेलात तर तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे गळून जातील असं मला मनापासून वाटतंय. तीन वर्षं कोचीला राहिलो आम्ही, भावोजींचं पोस्टिंग असताना जवळपास सगळे नातेवाईक येऊन गेले आणि मुन्नार-अलेप्पी प्रत्येकाला मीच फिरवलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आधी पहिला दिवस. पुण्याहून पहाटे २.३५ ची फ्लाइट म्हणजे घरातून रात्री अकरा साडेअकराला निघणार, म्हणजे त्या रात्री कुणाचीच झोप नाही, आणि आदल्या दिवशी भाऊबीज, घरभर पाहुणे. ४.३० ला कोचीला उतरणार आणि तू लिहिलंयस "६.०० फोर्ट कोची चायनीज नेट्स, ७.३० मट्टनचेरी पॅलेस, ९.०० मुन्नारसाठी प्रस्थान, वाटेत धबधबा, १२.३० मुन्नार". अरे, एअरपोर्ट नेडुम्बसेरीला आहे, शहराच्या उत्तरेला, आणि फोर्ट कोची तिथून चाळीसेक किलोमीटर खाली समुद्राकडे. मुन्नारचा रस्ता पार वेगळ्या दिशेला जातो. म्हणजे आधी उलटं जायचं मग परत यायचं, ते सुद्धा ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये. राजवाडा एवढ्या सकाळी उघडतच नाही, साडेसातला बंद दारासमोर उभे राहाल. एअरपोर्टवरून थेट निघालात तरी मुन्नार ११० किलोमीटर आहे, मॅप सव्वातीन तास दाखवतो, पण मॅपला ईशान माहीत नाही. नेरियामंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो आणि वळणं थांबतच नाहीत, गेल्या वर्षी आंबा घाटात त्याला तीनदा उलटी झाली होती ना? रात्रभर जागा, पोट रिकामं आणि वर घाट. मुन्नारच्या हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनचं आहे हे तूच शीटमध्ये लिहिलंयस, मग साडेबाराला पोचून तरी काय करणार, आई रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहणार.

त्यापेक्षा एअरपोर्टजवळ अंगमालीला दोन खोल्या घे. आदल्या रात्रीपासूनच बुक कर म्हणजे पहाटे पाचला गेल्या गेल्या खोली मिळेल, एका रात्रीचे पैसे जास्त गेले तरी चालतील. तीन-चार तास झोपा, आंघोळी करा, मुलांनी नीट नाश्ता केला की दहा-साडेदहाला निघा. घाटात एक थांबा चियप्परा धबधब्याला, बाकी थेट मुन्नार. फोर्ट कोची ह्या वेळी सोड. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, माझा जीव आहे त्या गावात, पण पुढच्या वेळी ते एकटंच नीट बघा.

दुसरा दिवस मुन्नार. आठ ठिकाणं लिहिली आहेस. राजमलाला, म्हणजे एराविकुलमला, आपली गाडी वर जात नाही, त्यांच्या बसने जायचं असतं, तिकिटाची रांग वेगळी आणि बसची रांग वेगळी, दिवाळीच्या सुट्टीत तर गर्दीच गर्दी. वर चढाचा डांबरी रस्ता आहे, आई सावकाश चालू शकेल पण तिला घाई करायला लावू नकोस, तिच्या गुडघ्याला चढापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. म्हणजे ह्या एका ठिकाणाला तीन तास धर, तू सव्वा तास दिलायस. टॉप स्टेशन ३२ किलोमीटर एका बाजूने आणि दुपारी तिथे बहुतेक धुकं असतं, समोर पांढरा पडदा, बाकी काही दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा पाऊस असतो हे पण लक्षात घे, सकाळ लख्ख आणि दुपारी तीनला विजांसकट धो धो, असं रोज होत नाही पण बऱ्याचदा होतं. बाहेरची कामं सकाळी, दुपारनंतर छताखालचं काहीतरी किंवा चक्क झोप. सकाळी राजमला, जेवण, जमलं तर चहाचं म्युझियम, आणि पाऊस नसेल तर संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या मळ्यात चक्कर, बस. रेवाला चहाची पानं हातात घेऊन बघू दे, तिला त्यातच मजा येईल.

तिसरा दिवस थेक्कडी, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. मुन्नारहून ८.०० ला निघून ११.१५ ची पेरियारची बोट. ९० किलोमीटर आहेत म्हणून तू तीन तास धरलेस, पण ते ९० किलोमीटर सगळे डोंगरातले आहेत, पाऊस झाला की गॅप रोडच्या बाजूला दगडमाती खाली येते आणि गाड्या थांबवून ठेवतात. आणि बोटीची वेळ म्हणजे धक्क्यावर पोचायची वेळ नाही. गाडी खाली पार्किंगला लावायची, तिथून वनखात्याच्या बसने आत, मग धक्क्यापर्यंत चालत, त्यामुळे साधारण तासभर आधी पोचावं लागतं. म्हणजे तुझा खरा टाइम सव्वादहा. आठला निघून सव्वादहाला कुठलाही ड्रायव्हर पोचवणार नाही, आणि पोचवतो म्हणाला तर त्याच्या गाडीत बाबांना बसवू नकोस. त्याच दिवशी पुढे मसाल्याची बाग, ६.०० कलरी, ७.०० कथकली. आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला निघून बाराला अलेप्पीत हाउसबोट! थेक्कडी-अलेप्पी १४० किलोमीटर आहे रे, मुंडकयमपर्यंत घाट उतरायचा, चार तास कमीत कमी. हाउसबोटी बाराला चेक-इन देतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काठाला लागतात, कारण नंतर मच्छीमारांची जाळी पडतात. उशिरा गेलात तर बोट चालण्याचा वेळच कमी होतो, पैसे मात्र पूर्ण. दोन वाजता पोचलात तर मुलांना जेमतेम तीन तास पाणी बघायला मिळेल.

आता मुख्य मुद्दा. शीटमध्ये सोमवारी लिहिलंयस अलेप्पी ९.००, पद्मनाभस्वामी १२.३०, कन्याकुमारी सूर्यास्त. आणि मंगळवारी सूर्योदय, ८.०० विवेकानंद शिला, ९.०० निघून १.३० ची तिरुवनंतपुरमहून फ्लाइट. पद्मनाभस्वामीचं दर्शन दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर उघडतं, म्हणजे ते गेलंच. आणि शिलेवर जायची बोट सकाळी आठला सुरू होते, पण रांग सातपासून असते आणि समुद्र खवळलेला असला की फेरी थांबवतात. आठला तिकीट काढून, जाऊन, बघून, परत येऊन नऊला गाडीत बसणार? एक तासात?

बाबांना तिथे एक तास देऊ नकोस, तन्मय. ते अमरावतीला शाळेत होते तेव्हा स्मारकासाठी लोकांकडून एकेक रुपया गोळा करत होते आणि त्यांनी आजोबांकडून मागून तो रुपया दिला होता, ही गोष्ट आपण दोघांनी किती वेळा ऐकलीय. एकनाथजी रानडे त्यांच्याच अमरावती जिल्ह्यातले, म्हणून तर शाळेत एवढा उत्साह होता. १९७० मध्ये स्मारक उभं राहिलं आणि बाबा आजवर एकदाही तिथे गेले नाहीत. ह्या ट्रिपमध्ये त्यांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळं "तुम्ही ठरवा" म्हणाले. तिथे ध्यानाची खोली आहे, त्यांना आत शांत बसू दे, अर्धा तास बसले तरी कुणी घड्याळ बघू नये. आता शेजारच्या तिरुवल्लुवरांच्या १३३ फुटी पुतळ्यापर्यंत काचेचा पूल पण झालाय, मुलांना तो आवडेल.

म्हणून माझं म्हणणं, थेक्कडी पूर्ण काढ. हॉटेल पाच दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल होतंय, फक्त बोटीचे पैसे जातील, जाऊ देत. शनिवारी मुन्नारहून साडेआठला निघा, अलेप्पी १७० किलोमीटर, जेवणासकट तीन-साडेतीनला पोचाल, त्या रात्री गावातच होमस्टे, संध्याकाळी बीच. रविवारी सकाळी कुणाला उठवू नकोस, बाराला दहा मिनिटांवर बोट. ही मोकळी सकाळ मी मुद्दाम ठेवलीय, शनिवारी घाटात काही झालं, गाडी बंद पडली, ईशानला ताप आला, तरी बोट चुकणार नाही. सोमवारी नऊला उतरून तिरुवनंतपुरम, १५० किलोमीटर, पण हायवेचं काम चालू असतं म्हणून साडेचार तास धर. दुपारी हॉटेलात पडा आणि पाचला दर्शन. मंगळवार अख्खा कन्याकुमारीचा, सकाळी सहाला निघा, ९० किलोमीटर, अडीच तास, आणि रात्री परत त्याच हॉटेलात. म्हणजे एक पॅकिंग वाचलं, कन्याकुमारीचं हॉटेल लागणारच नाही. बाबांची शुगर बघता एक वाजता जेवण म्हणजे एकलाच, ते शीटमध्ये वेळ घालून लिही, कारण तू एकाही दिवशी जेवणाला वेळ ठेवलेला नाहीस.

फ्लाइट बुधवारवर ने. शाळा शुक्रवारी सुरू होतेय, तुझं ऑफिस गुरुवारी, मग बुधवार "कपडे, आराम" असं लिहून घरी घालवण्यापेक्षा तो इथे वापर. फरकाचे सहा तिकिटांचे पैसे निम्मे मी देते, नाही म्हणू नकोस. आणि डेक्कन क्वीन कॅन्सल कर. ३.४५ ला मुंबईत उतरून ५.१० ला सीएसएमटीहून गाडी तू पकडणार नाहीस. विमान वेळेवर आलं तरी बॅगा हातात यायला साडेचार होतात, पुढे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एवढं अंतर, आई मागून चालतेय, ईशान कडेवर. दोन्ही बुकिंगं वेगवेगळी आहेत, विमान लेट झालं म्हणून रेल्वे काही पैसे परत देणार नाही. एअरपोर्टवरूनच मोठी टॅक्सी करा पुण्याला, उशीर झाला तरी ती थांबते.

मानसीला पण हे वाचायला दे, तिला थेक्कडीचे हत्ती बघायचे होते माहितीय मला, तिच्याशी मी स्वतः बोलते. फ्लाइट आज रात्रीच बदल, दिवाळीचे दर रोज वाढतात. आणि पद्मनाभस्वामीला पुरुषांना उघड्या अंगाने मुंडू नेसूनच जावं लागतं, बायकांना साडी, मोबाइल आत नाही. भावोजींचे दोन चांगले मुंडू आहेत कपाटात, ते उद्या कुरियर करते, एक तुला आणि एक बाबांना. त्यांना सवय नाही, आधी घरी एकदा नेसून बघू देत.