करडी भुकटी

"मॅडम, रिपोर्टमध्ये कीटकनाशक आलं ना?" पाटील साहेबांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

"नाही आलं."

सासऱ्याला दुधातून विष दिल्याच्या आरोपावरून धाकटी सून कोठडीत होती. फिर्याद मोठ्या मुलाची. 90 दिवसांच्या आत चार्जशीट दाखल करायचं होतं, आणि साहेबांच्या डोक्यात ते लिहूनही झालं होतं.

"दुधाचा ग्लास स्वच्छ आहे. जठरातही काही नाही, ना ऑर्गनोफॉस्फरस, ना दुसरं काही," मेधाताई म्हणाल्या. "पण तुमच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा तुकडाही पाठवला होता. सगळेच पाठवत नाहीत. हे बघा."

त्यांनी दोन फोटो पुढे सरकवले. नमुना आम्लात घालून गरम करताना फ्लास्कच्या तोंडावर दोन कागदपट्ट्या धरल्या होत्या. सिल्व्हर नायट्रेटची पट्टी कडेने काळी पडत गेली होती. लेड ॲसिटेटची पांढरीच राहिली होती.

"काळी पडली म्हणजे विष?"

"इतकं सोपं असतं तर! कुजलेल्या अवयवातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्यानेही पहिली काळी होते. पण मग दुसरीही काळी व्हायला हवी. ती झाली नाही. जीसी-एमएसवर खात्री केली. फॉस्फिन आहे. फुप्फुसात आणि रक्तातही."

"उंदराच्या गोळ्यांतलं?"

"धान्यात ठेवायच्या गोळ्यांतलं, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने वायू सुटतो. गिळल्या असत्या तर जठरात सापडलं असतं. तुमच्याच पंचनाम्यात लिहिलंय, खोलीत धान्याची पोती, खिडकी बंद. पावसाळी रात्र."

साहेब गप्प झाले. मग फाइल स्वतःकडे ओढत म्हणाले, "हे कोर्टात उभं राहील? वकील म्हणेल अंदाज आहे."

"वायू सापडला, हा अंदाज नाही. कुठून आला, ते मी लिहिणार नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. पोत्यांखाली करडी भुकटी असेल तर नमुना आणा. खोली कुणी झाडली नसेल तर."

"खोली अजून सील आहे."

"मग लगेच आणा."

"आणि 'ग्लासात विष नाही' ही ओळ थोडी सौम्य..."

"ती तशीच राहील, साहेब."

त्यांनी वाद घातला नाही. जबाबांची पानं उलटत सुनेच्या जबाबापाशी थांबले. पहिल्या वेळी बडबड समजून सोडून दिलेलं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं: "'पोत्यांना औषध मोठ्या दिरांनी लावलं. बाबांना तिथं झोपू नका म्हणून मी सांगितलं होतं.'"

"मोठे दीर म्हणजे?" मेधाताईंनी विचारलं.

"फिर्यादी," साहेब म्हणाले, आणि हवालदाराला फोन लावला.