नागरी सेवा पूर्वपरीक्षा: १ जून ते मेअखेर, चौघांचा वर्षाचा आराखडा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या चौघांसाठी. रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस. रविवार चाचणीचा, त्या दिवशी नवे काही वाचायचे नाही.

आधी उजळण्यांच्या तारखा ठरवल्या आहेत, नवे वाचन उरलेल्या दिवसांत बसवले आहे. उलटे केले की पुस्तक संपत नाही आणि उजळणी एप्रिलवर ढकलली जाते.

पहिले वाचन: १ जून ते ३१ ऑक्टोबर

जून–जुलै: राज्यघटना आणि आधुनिक भारत. ऑगस्ट: भूगोल, अकरावीच्या एनसीईआरटीपासून, नकाशा शेजारी उघडा ठेवून. सप्टेंबर: अर्थव्यवस्था. ऑक्टोबर: पर्यावरण, प्राचीन इतिहास, कला. रोज पाऊण तास वर्तमानपत्र, जास्त नाही.

प्रत्येक प्रकरण वाचल्यावर दुसऱ्या दिवशी १५ मिनिटे, सातव्या दिवशी १०, तिसाव्या दिवशी १०. वही मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे, मग ताडून पाहायचे. नुसते पुन्हा वाचले की ओळखीचे वाटते आणि येते असा भ्रम होतो. टिपणे दुसऱ्या वाचनातच काढा. पहिल्यात सगळेच महत्त्वाचे वाटते आणि पुस्तकच उतरवून होते.

अनंत चतुर्दशीला झाक्यांची रात्र आहे, रंगपंचमीला गेर. हे दोन्ही दिवस आणि त्यांचे दुसरे दिवस आराखड्यात कोरे सोडले आहेत. घरी बसून मन बाहेर, त्यापेक्षा जाऊन या. दिवाळीचे चार दिवसही कोरे.

उजळण्या

पहिली: १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी. रोज चार तास उजळणी, चार तास मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय आणि मुख्य परीक्षेचे उत्तरलेखन, दिवसाला दोन उत्तरे.
दुसरी: १६ जानेवारी ते १५ मार्च. १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प आणि आर्थिक पाहणी इथेच.
तिसरी: १६ मार्च ते १९ एप्रिल. इथून वैकल्पिक विषय बंद.
चौथी: २० एप्रिल ते १० मे.
शेवटची: ११ मेपासून. फक्त टिपणे आणि चुकांची वही.

कालावधी दर वेळी घटतो म्हणून सामग्रीही घटली पाहिजे. चौथ्या उजळणीत विषयाला ४० पानांच्या वर टिपणे उरली असतील, तर गाळायचे काम राहून गेले आहे.

चाचण्या

ऑगस्टपासून दर दुसऱ्या रविवारी विषयवार ५० प्रश्न. १६ जानेवारीपासून दर रविवारी, १६ मार्चपासून पूर्ण पेपर: सकाळी ९:३० ते ११:३० सामान्य अध्ययन, दुपारी २:३० ते ४:३० सीसॅट. उत्तरपत्रिका काळ्या बॉलपेनानेच रंगवायची. एप्रिल–मेमध्ये एक पेपर कूलरशिवाय, इंदूरच्या दुपारीच द्या.

दोन तासांच्या पेपरला चार तासांचे विश्लेषण. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीला चारपैकी एक खूण: माहीत नव्हते, विसरलो, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज चुकला. बहुतेक जण फक्त पहिल्या प्रकारावर जास्त वाचन करतात. पण ‘विसरलो’ जास्त असेल तर सात दिवसांच्या फेऱ्या चुकताहेत, आणि ‘नीट वाचला नाही’ असेल तर नवे पुस्तक घेऊन काही होणार नाही.

अंदाजाचा हिशेब आधीच करून ठेवा. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला एक तृतीयांश वजा. चारही पर्याय अंधारात असतील तर सरासरी शून्य, दोन पर्याय कापले तर सरासरी सुमारे ०.६७ फायदा. २०२३पासून ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर’ असे प्रश्न खूप वाढले आणि तिथे पर्याय कापण्याची युक्ती चालत नाही. अशा प्रश्नांचे अंदाज वहीत वेगळे मोजा, नाहीतर एकूण आकडा फसवतो.

सीसॅटकडे दुर्लक्ष हे नापास होण्याचे सर्वांत वाईट कारण. ८० प्रश्न, प्रत्येकी २.५ गुण, २०० पैकी ३३ टक्के हवेत. दहा चुकले तर ८.३ गुण जातात, म्हणजे निदान ३० बरोबर हवेत. सरावात ४०चे लक्ष्य ठेवा. नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तास, गणिताने सुरुवात.

मराठीचा सक्तीचा पेपर

३०० गुण, २५ टक्के पुरेसे. चौघांचेही शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून धोका वेगळा आहे: ‘की’ऐवजी ‘कि’, ‘परंतु’च्या जागी ‘लेकिन’. डिसेंबर–जानेवारीत दर शनिवारी एक निबंध आणि एक सारांश लिहून अदलाबदल करून तपासा.

मागे पडलात तर

आठवडा चुकला तर तो भरून काढायला तास वाढवू नका. त्या महिन्याच्या नव्या वाचनातले शेवटचे प्रकरण सोडा आणि पहिल्या उजळणीत घ्या. उजळणीची तारीख मात्र हलणार नाही. पूर्ण पेपरांचे गुण सलग तीन रविवारी ८०च्या खाली राहिले, तर पुढचा आठवडा नव्या चाचणीशिवाय, फक्त चुकांच्या वहीवर.