भागीचा उतार

नीरेच्या उत्तरेला इंदापूर तालुक्यातले मोरतळे आणि दक्षिणेला माळशिरस तालुक्यातली करंजवडी. जिल्हे दोन, आमदार दोन, पण सोयरीक अशी गुंतलेली, की मोरतळ्याच्या प्रत्येक वाड्यावस्तीत करंजवडीची एक तरी लेक नांदत होती. दोन्ही गावांच्या मध्ये नदी जिथे पसरट आणि उथळ होते, त्या जागेला पिढ्यान्‌पिढ्या भागीचा उतार म्हणत. उन्हाळ्यात तिथून गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जाई आणि पावसाळ्यात धोंडीबा कोळ्याची नाव चाले. वरच्या अंगाला बंधारा झाला आणि माणसे त्याच्यावरून ये-जा करू लागली, तेव्हा नाव काठावर ओढून उपडी घालण्यात आली. उताराचे नाव मात्र तोंडातून गेले नाही.

त्या नावावरून भांडण पेटले ते पूल मंजूर झाल्यावर. पुलाला कोणते नाव द्यायचे आणि त्या नावाचा आधार काय, हे दोन्ही ग्रामसभांनी एकत्रित ठरावाने कळवावे, असे पत्र बांधकाम खात्याकडून आले. नाव ठरलेलेच होते. आधार विचारला गेला आणि तिथेच गाडे अडले.

करंजवडीकरांचे म्हणणे असे, की भागी ही त्यांच्या गावची कोळीण होती. एका श्रावणात पुराच्या पाण्यात नाव घालून तिने लोक तारले आणि शेवटच्या खेपेला ती स्वतः वाहून गेली. दक्षिण काठावर बाभळीखाली शेंदराचा तांदळा आहे, तो भागाईचा. गावातली प्रत्येक बाळंतीण सव्वा महिन्याने तिथे जाऊन खण-नारळाने ओटी भरते आणि सासरी जाणारी मुलगी दगडाला हात लावल्याशिवाय पाण्यात पाऊल घालत नाही. तांदळ्याच्या शेंदराचे थर इतके जुने आहेत, की खालचा दगड गोल होता की चौकोनी, हे आज कोणाला सांगता येणार नाही.

मोरतळ्याला ही कथा मान्य नव्हती. वसंतराव गुरुजी तीस वर्षे तिथल्या शाळेत होते, आणि गावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तराचा रुमाल त्यांनीच वाळवीतून वाचवला होता. त्या रुमालातल्या शके 1711 च्या एका कागदावरून त्यांनी एक ओळ बाळबोधीत उतरवून ठेवली होती: ‘मौजे मोरतळे व मौजे करंजवडी दोही गावी उतार आहे तो भागीने चालवावा.’ भागीने, म्हणजे भागीदारीने. उतार दोन्ही गावांचा निम्मानिम्म, म्हणून तो भागीचा उतार. बाई कोणी नव्हतीच, ती मागाहून लोकांनी कल्पिली, असा गुरुजींचा निष्कर्ष होता. तो त्यांनी शांतपणे मांडला असता तर कदाचित ऐकलाही गेला असता. परंतु यात्रेच्या सभेत मोरतळ्याच्या एका तरुणाने ‘तुमची देवी व्याकरणाची चूक आहे’ असे म्हटले. त्यानंतर करंजवडीने त्या वर्षीच्या दोन ठरलेल्या सोयरिकी मोडल्या.

सोयरीक मोडणे म्हणजे काय, हे गावाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. बोलणी झालेली, साखरपुड्याची साडी आणलेली, आणि मुलीच्या बापाला रातोरात निरोप जातो की आमचे जमत नाही. नावाचा अर्थ काय, यासाठी दोन घरांतल्या मुलींनी हे का सोसावे, असा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला. विचारणाऱ्यांत शालिनी होती.

शालिनी करंजवडीची लेक आणि मोरतळ्याची सून. पुण्यात शिकत असताना तिने मोडीचा वर्ग केला होता आणि पुढे जमिनीच्या जुन्या कागदांचे लिप्यंतर करून देण्याचे काम ती घरी बसून करी. दोन्ही सरपंचांनी मिळून तिला तो कागद वाचायला सांगितला, तेव्हा सासऱ्यांनी एवढेच म्हटले, “सूनबाई, जे असेल ते वाचा. आमच्यासाठी नको, त्यांच्यासाठी नको.”

कागद हातात आल्यावर तिला गुरुजींबद्दल आदरच वाटला. त्यांनी एक अक्षरही बदलले नव्हते. मोडीत आधी पानभर रेघा ओढून घेतात आणि मग बोरू न उचलता अक्षरे त्या रेघांना लटकवत नेतात. शब्द संपला कुठे आणि सुरू झाला कुठे, याची खूण नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘भागीने चालवावा’ ही अक्षरे जशी ‘भागीदारीने चालवावा’ अशी वाचता येत होती, तशीच ‘भागी नावाच्या बाईने चालवावा’ अशीही. गुरुजींनी एक वाट धरली होती, गावाने दुसरी. कागद दोन्ही वाटांवर सारखाच उभा होता.

मात्र कागद तिथे संपत नव्हता. खालची घडी मागच्या बाजूला दुमडून खळीने चिकटली होती आणि गुरुजींनी फाटेल या भीतीने ती कधी उघडली नव्हती. शालिनीने बांबूची पातळ चोय तासून घेतली आणि दोन दुपारी, खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून, ती घडी केसाकेसाने सोडवली. आत बोटभर रुंदीचा पट्टा काळ्या शाईत जसाच्या तसा होता, कारण त्याला कधी ऊनच लागले नव्हते. पहिल्याच शब्दावर ती थांबली: ‘तीस पायली जोंधळे दर नांगरास दोही गावी द्यावे.’

तीस हा आकडा मानला तर हिशेब लागत नव्हता. बारा पायलीचा मण; म्हणजे दर नांगरामागे अडीच मण जोंधळे नुसत्या उतारासाठी. नावाड्याला एवढे देणारा शेतकरी वर्षभर खाणार काय? शिवाय त्याच कागदात धान्याच्या इतर सगळ्या मोजण्या अंकांत होत्या, अक्षरांत एकही नव्हती. तेव्हा ते ‘तीस’ म्हणजे तिला: तिला दर नांगरामागे एक पायली. पुढच्या ओळीने उरलीसुरली शंकाही फेडली. तिथे ‘तीचे’ असे स्वच्छ होते. भागी होती. हाडामांसाची होती, आणि उतार चालवून दोन्ही गावांकडून बलुते घेत होती.

माहेर खरे ठरले होते. आपल्याला आनंद व्हायला हवा, असे शालिनीला वाटले. पण पुढची ओळ वाचून तिने कागद खाली ठेवला.

सभा करंजवडीच्या मारुतीच्या पारावर भरली. सराटीला पालखीचे नीरास्नान होऊन आठवडा झाला होता आणि पेरण्या आटोपून माणसे मोकळी होती. मोरतळ्याचे लोक एका बाजूला, करंजवडीचे दुसऱ्या बाजूला. मध्ये घोंगडीवर धोंडीबा कोळी, ज्याला दोन्ही गावे आपला म्हणत आणि ज्याचे बलुते बंद होऊन कितीतरी वर्षे झाली होती.

शालिनीने आधी गुरुजींची ओळ वाचली आणि ती त्यांनी बरोबर उतरवली आहे असे सांगितले. मग तिने ‘तीस’चा हिशेब मांडला. भागी ही बाई होती, हे ऐकताच करंजवडीच्या बाजूने एकच गलका उठला, कोणीतरी भागाईच्या नावाने चांगभले म्हटले. मोरतळ्याच्या बाजूला गुरुजी मान खाली घालून बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “घडी मी उघडायला हवी होती. पुढे वाचा, ताई.”

करंजवडीचे सरपंच नात्याने शालिनीचे चुलते होते. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी समजले असावे. “पुढं काय असंल ते असू दे, पोरी,” ते म्हणाले. “नावापुरतं झालं की काम.”

“अण्णा, कागद नावासाठी लिहिलेलाच नाही,” ती म्हणाली. “ही तक्रार आहे. भागीनं केलेली.”

आणि तिने वाचले: ‘ऐसे असता मौजे मोरतळेकर देत आले. मौजे करंजवडीकर यांणी तीचे दो सालांचे जोंधळे दिल्हे नाहीत. उतार चालविते पोटास नाही.’

पारावर बसलेल्या माणसांना ही भाषा सव्वादोनशे वर्षांनंतरही समजावून सांगावी लागली नाही. ज्या गावाने तिला शेंदूर लावला, त्याने तिचे धान्य ठेवून घेतले होते. ज्या गावाने ती नव्हतीच असे म्हटले, त्याने तिला वेळच्या वेळी पायली मोजली होती. मोरतळ्याचा तो यात्रेतला तरुण आता हसू शकला असता. तो हसला नाही, कारण ज्या दगडाला त्याने व्याकरणाची चूक म्हटले होते, त्या दगडाखालची बाई उपाशी होती हे त्यालाही ऐकू आले होते.

“पुन्हा वाच,” धोंडीबा म्हणाला.

तिने पुन्हा वाचले.

“माझा आजा हेच म्हणायचा,” धोंडीबा म्हणाला. “पूर आला की नावाड्याचे पाय धरायचे, आणि खळ्यावर गेलं की उद्या ये. माझ्या बापालाबी तेच आणि मलाबी तेच. दोन्ही गावांनी. त्या कागदात मोरतळं चांगलं दिसतंय, पण माझ्या वेळचा कागद कुणी लिहिला न्हाई.” मग त्याने विचारले, “तिची बाकी फिटली का?”

शालिनीने पट्ट्याचा शेवट दाखवला. तिथे निवाडा असायला हवा होता, पण कागद तिथून कसरीने खाल्लेला होता.

मोडलेल्या सोयरिकींपैकी एका मुलीचा बाप करंजवडीच्या बाजूने उठला आणि काही न बोलता मोरतळेकरांच्या बाजूला, आपल्या न झालेल्या व्याह्याशेजारी जाऊन बसला. दुसरा उठला नाही. त्याच्या मुलीचे तोवर दुसरीकडे ठरले होते, आणि ती गोष्ट आता कुठल्याही कागदाने दुरुस्त होणार नव्हती.

ठराव लिहायला गुरुजींनाच बसवले, कारण त्यांच्याइतके नेटके अक्षर दोन्ही गावांत कोणाचे नव्हते. पुलाचे नाव ‘भागीचा उतार पूल’ असावे, यावर कोणी हरकत घेतली नाही. आधाराच्या रकान्यात त्यांनी लिहिले, की भागी ही या उतारावर नाव चालवणारी स्त्री असून मौजे मोरतळे व मौजे करंजवडी या दोन्ही गावांची बलुतेदार होती, असे शके 1711 च्या मोडी कागदावरून दिसते. तिथे त्यांचा हात थांबला. पुढचे वाक्य त्यांनी लिहिले असते तर ते मोरतळ्याने करंजवडीवर लिहिल्यासारखे झाले असते. त्यांनी लेखणी तशीच धरून सरपंचांकडे पाहिले.

सरपंचांनी एकदा धोंडीबाकडे आणि एकदा पुतणीकडे पाहिले.

“लिहा, गुरुजी,” ते म्हणाले. “करंजवडीकडं तिची दोन सालांची बाकी व्हती. आमच्या सहीवर लिहा. आणि धोंडीबाची किती, तेबी त्याला विचारून खाली मांडा, दोन्ही गावांच्या नावानं.”