जुन्या टीव्हीला नवा सेट-टॉप बॉक्स कसा जोडायचा (मावशी आणि काकांसाठी, चित्रांसह)

मावशी, काका,

फोनवर "ती पिवळी, नाही हो, तिच्या वरची" असं सांगत बसण्यापेक्षा सगळं कागदावर दिलेलं बरं. तुमचा टीव्ही जुना, जाड पाठीचा असला तरी नवा बॉक्स त्याला व्यवस्थित चालतो. दोघांनी मिळून करा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने जोडायचं. चष्मा आणि टॉर्च जवळ ठेवा.

आधी एवढं करा

टीव्ही आणि जुना बॉक्स, दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद केलेलं चालणार नाही. डिशकडे जाणाऱ्या वायरीतूनही बॉक्स थोडी वीज वर पाठवत असतो, म्हणून ती वायर काढताना-लावताना बॉक्सचा प्लग काढलेलाच हवा.

टीव्ही ओढून फिरवू नका. या टीव्हीचं बरंचसं वजन काचेकडे असतं आणि तो पुढे कलंडतो. पाठ बघायची असेल तर मोबाइल मागे धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. आरसा धरलात तर डावं-उजवं उलटं दिसेल, तेव्हा बाजूवर जाऊ नका, रंगावर जा.

आणि काका, पाठीचे स्क्रू उघडायचे नाहीत. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये बराच वेळ वीज साठून राहते. आपल्याला आत काही कामच नाही.

चित्र १: खोक्यात मिळालेली वायर

```
                     +-----( पिवळी )  चित्र
  [काळी पिन]=========+-----( पांढरी )  आवाज
                     +-----( लाल )    आवाज
```

एका टोकाला हेडफोनला असते तशी बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंग. हीच वायर वापरा. कपाटातली जुनी वायर दिसायला अगदी अशीच असेल, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्राच्या जागी नुसता गुरगुराट येतो. चपट्या तोंडाची HDMI वायर मिळाली असेल तर ती पिशवीत ठेवून द्या. तुमच्या टीव्हीला ती बसायची जागाच नाही.

चित्र २: टीव्हीची पाठ

```
     AV IN               AV OUT
   ( पिवळा )  VIDEO     ( पिवळा )
   ( पांढरा )  L         ( पांढरा )
   ( लाल )    R         ( लाल )

      हे आपलं            इथे नको
```

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. IN म्हणजे टीव्हीच्या आत येणारं, OUT म्हणजे बाहेर जाणारं. आपल्याला IN हवं. हिरवा, निळा, लाल अशी आणखी एक रांग दिसली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिथला लाल हा आवाजाचा लाल नव्हे. पांढऱ्याच्या शेजारचा लाल तो आपला.

चित्र ३: बॉक्सची पाठ

```
  +------------------------------------------+
  |  LNB IN      AV        HDMI      DC 12V  |
  |   (o)        (.)       [__]       (.)    |
  +------------------------------------------+
     डिश        काळी       रिकामं    अडॅप्टर
                पिन
```

आता जोडूया

१. जुन्या बॉक्समागची डिशची जाड, गोल वायर डावीकडे फिरवून सोडवा. तिच्या मधोमध तांब्याची एक तार डोकावत असते. ती सरळ हवी. वाकली असेल तर नखाने हळूच सरळ करा. नव्या बॉक्सच्या LNB IN मध्ये तार घालून नट उजवीकडे फिरवा. बोटांनी घट्ट झालं की पुरे, पकड लावू नका.

२. काळी पिन बॉक्सच्या AV मध्ये. शेवटी थोडा जोर लागतो आणि "टक्" असं जाणवतं. अर्धवट राहिली तर चित्र येतं पण आवाज येत नाही, किंवा उलट.

३. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये. टीव्हीला लाल खाच नसेल तर तो एकाच स्पीकरच्या आवाजाचा टीव्ही आहे. लाल पिन मोकळी सोडा.

४. नव्या बॉक्ससोबत आलेला अडॅप्टरच लावा. जुन्याची पिन बसली तरी त्याचा दाब वेगळा असू शकतो.

५. आधी टीव्ही चालू करा, मग बॉक्स. बॉक्स पहिल्यांदा सुरू होताना वेळ घेतो. पडद्यावर टक्के सरकत असतील तर तसेच सरकू द्या, मध्येच प्लग काढू नका.

बॉक्स टीव्हीच्या डोक्यावर ठेवू नका. तिथल्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते. शेजारच्या फळीवर ठेवा. मावशी, त्याच्यावर विणलेला रुमालही नको!

पडद्यावर कोण बोलतंय?

काही बिघडलं तर आधी हे ओळखा: पडद्यावर दिसतंय ते टीव्हीचं की बॉक्सचं? एवढं कळलं की निम्मं काम झालं.

*मुंग्या दिसतात, किंवा नुसता निळा पडदा आहे.* हे टीव्हीचं बोलणं आहे. त्याला बॉक्स सापडलेला नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं AV, TV/AV किंवा SOURCE असं लिहिलेलं बटण एकदा दाबा आणि थोडं थांबा. नाही आलं तर परत दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात AV1, AV2 असं बदलत जाईल. एकावर चित्र येईलच. सगळी फेरी झाली तरी आलं नाही, तर पिवळी पिन IN मध्येच आहे ना ते बघा, आणि बॉक्सचा दिवा लागलाय का तेही.

*बॉक्सचं नाव किंवा मेनू दिसतो आणि सिग्नल नसल्याचं लिहून येतं.* हे बॉक्सचं बोलणं. म्हणजे टीव्ही आणि बॉक्स यांचं जुळलेलं आहे, त्या तीन पिनांना हात लावू नका. अडचण डिशच्या वायरीत आहे. बॉक्सचा प्लग काढून नट पुन्हा बसवा. जोराचा पाऊस चालू असेल तर काहीच करू नका, तो थांबला की येईल.

*आवाज आहे, चित्र नाही.* पिवळी पिन सैल आहे.

*चित्र काळं-पांढरं आहे.* बहुतेक वेळा पिवळी पिन हिरव्या खाचेत गेलेली असते.

*माणसं उंच आणि बारीक दिसतात.* बॉक्सच्या मेनूत चित्राच्या आकारात 16:9 असेल, तिथे 4:3 करा. मेनू सापडला नाही तर राहू द्या, मी आले की करते.

रोजच्या वापरासाठी

दोन रिमोट राहणारच. टीव्हीच्या रिमोटवर लाल चिकटपट्टी लावा. त्याचं काम फक्त चालू, बंद आणि AV. टीव्हीचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवून द्या आणि पुढे कमी-जास्त बॉक्सच्याच रिमोटने करा. दोन्हीकडे आवाज कमी झाला की "टीव्ही मुका झाला" असं वाटतं.

टीव्हीच्या रिमोटवरचे आकडे दाबू नका. ते दाबले की टीव्ही AV सोडून अँटेनावर जातो आणि पुन्हा मुंग्या दिसतात. चुकून दाबले गेलेच, तर AV बटण दाबून परत या.

अडलं तर पडद्याचा आणि टीव्हीच्या पाठीचा, असे दोन फोटो मला पाठवा आणि मग फोन करा.

तुमची भाची