विषय: बिल क्र. २३१ मधून उशिराच्या पुरवठ्यापोटी ₹ ५,६४२.५० ची वजावट

पुणे, २२ डिसेंबर २०२५

प्रति,
विक्री विभाग, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

खरेदी ऑर्डर क्र. ४१८ चे सर्व ६०० गिअरबॉक्स हाऊसिंग कास्टिंग आमच्या स्टोअरला जमा झाले. तिसऱ्या खेपेच्या बिलातून ऑर्डरच्या कलम ९ प्रमाणे एलडी वजा करत आहोत. तुमच्या अकाउंट्सला आकडे जुळवता यावेत म्हणून हिशेब सविस्तर देतो.

कलम ९ : उशिरा आलेल्या मालाच्या मूळ किमतीवर (जीएसटी सोडून) दर आठवड्याला किंवा सुरू झालेल्या आठवड्याला ०.५ टक्के, कमाल ५ टक्के. दर नग ₹ १,८५०.

मूळ मुदत १५ नोव्हेंबरची. सुधारित ड्रॉइंगला मंजुरी द्यायला आमच्याकडूनच ४ दिवस उशीर झाला, ते दिवस तुमच्या माथी मारणे योग्य नाही. म्हणून मुदत १९ नोव्हेंबर धरली आहे.

पहिली खेप, ३५० नग, १४ नोव्हेंबर : वेळेत, वजावट नाही.
दुसरी खेप, १४० नग, २७ नोव्हेंबर : ८ दिवस उशीर, म्हणजे २ आठवडे. ₹ २,५९,००० वर १ टक्का = ₹ २,५९०.
तिसरी खेप, ११० नग, ९ डिसेंबर : २० दिवस उशीर, म्हणजे ३ आठवडे. ₹ २,०३,५०० वर १.५ टक्के = ₹ ३,०५२.५०.
एकूण ₹ ५,६४२.५०.

दुसऱ्या खेपेला तुम्ही २५ नोव्हेंबर ही तारीख धरली आहे, त्या हिशेबाने एकच आठवडा होतो. पण ती ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरची तारीख आहे. ऑर्डर ‘आमच्या गेटपोहोच’ अशी असल्याने गेट रजिस्टरची नोंद धरावी लागते आणि ती २७ तारखेची, दुपारी ४.४० ची आहे. नोंदीची प्रत सोबत आहे. या खेपेची वजावट तेव्हाच व्हायला हवी होती, मात्र ते बिल आमच्याकडून पूर्ण अदा झाले, म्हणून आता दोन्ही एकत्र घेतो.

बिल २३१ : मूळ किंमत ₹ २,०३,५०० + १८ टक्के जीएसटी ₹ ३६,६३० = ₹ २,४०,१३०. एलडी वजा जाता देय ₹ २,३४,४८७.५०. ही रक्कम ८ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे ३० दिवसांच्या मुदतीत, तुमच्या खात्यावर जमा होईल.

एक विनंती. या वजावटीसाठी जीएसटीची क्रेडिट नोट काढू नका. मालाची किंमत कमी झालेली नाही, त्यामुळे जीएसटीआर-१ मध्ये बिल आहे तसेच राहू द्या. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार (क्र. १७८/१०/२०२२) अशा भरपाईवर जीएसटी लागत नाही, म्हणून सोबतची डेबिट नोटही जीएसटीविना आहे. जीएसटीची पूर्ण रक्कम तुम्हाला मिळतेच आहे.

तारखांबाबत तुमच्याकडे वेगळा कागद, म्हणजे सही-शिक्क्याची पोहोच, असेल तर २ जानेवारीपर्यंत पाठवा. पेमेंट निघण्यापूर्वी आकडा दुरुस्त करू. मालाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही, तिन्ही खेपा तपासणीत पास झाल्या आहेत.

आपले,
खरेदी विभाग, चाकण प्रकल्प

सोबत : डेबिट नोट, गेट रजिस्टरची प्रत, ड्रॉइंग मंजुरीचा मेल