आठवी 'ब'मधील गोंधळाबाबत मुख्याध्यापकांना पत्र

दि. २३ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : इयत्ता ८ वी 'ब'च्या गणिताच्या तासाला वारंवार होणाऱ्या गोंधळाबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

८ वी 'ब'मधल्या चार मुलांमुळे मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास गेले तीन आठवडे नीट होत नाही. वर्ग ५६ मुलांचा आहे आणि बाकीच्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चौघांची नावे मुद्दाम या पत्रात लिहीत नाही. बंद पाकिटात सोबत जोडली आहेत.

मी फळ्याकडे वळले की मागून बाकावर ठेका सुरू होतो. वळून पाहावे तर चारही वह्या उघड्या आणि माना खाली. इतके मी चालवून घेतले असते. पण मंगळवारी एक मुलगी फळ्यावर उदाहरण सोडवताना अडखळली, तेव्हा तिच्या बोलण्याची नक्कल करून चौघे हसले. तिने खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून ती हात वर करत नाही. विस्तार सूत्रे एव्हाना संपायला हवी होती, अजून (a + b)³ वरच अडकलो आहोत.

मी काय काय केले तेही सांगते. जागा बदलल्या, तर गोंधळ चार कोपऱ्यांत पसरला. एकेकाशी स्वतंत्र बोलले; एकटे असले की चौघेही अगदी शहाण्यासारखे बोलतात. एकदा रागाच्या भरात त्यांना व्हरांड्यात उभे केले. ती माझी चूकच झाली. तास बुडाला, शिवाय तिथून मैदानावरचा कबड्डीचा सराव दिसतो, त्यामुळे शिक्षेचे त्यांना बक्षीसच झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि तो मार्ग मला नकोही आहे.

चौघांतला एक गणितात खरोखर हुशार आहे. उदाहरण पाच मिनिटांत सोडवतो आणि उरलेला वेळ ठेका धरतो. त्याला जादा उदाहरणे द्यायला सुरुवात केली आहे. दुसऱ्याला मात्र अजून अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, आणि हे झाकण्यासाठीच तो दंगा करतो असे मला वाटते.

पालकांना एकत्र बोलवावे की वेगवेगळे, आणि त्या वेळी आपण किंवा पर्यवेक्षक उपस्थित राहाल का, हे कृपया कळवावे. एकत्र बोलावल्यास पालकांमध्येच वाद होईल अशी मला भीती वाटते. पुढच्या आठवड्यात आपण एखाद्या दिवशी पाचव्या तासाला वर्गात येऊन मागे बसलात, तर माझे शिकवणे कुठे कमी पडते तेही कळेल. चौघांना लगेच दुसऱ्या तुकडीत हलवू नये, ही विनंती.

त्या मुलीच्या आईशी मी उद्या बोलणार आहे. त्याआधी आपली दहा मिनिटे मिळाली तर बरे होईल. आज शाळा सुटल्यावर मी शिक्षक-खोलीत थांबते.

आपली विश्वासू,
गणित शिक्षिका, इयत्ता ८ वी 'ब'

सोबत : नावांचे बंद पाकीट, तासनिहाय नोंदींची दोन पाने